मोसंबी आणि मोसंबीचा रस : मशीनवर शुगर सारखीच, मग फरक कुठे आहे?

वृषाली_पार्ले | शनिवार, सकाळी ९:१०

बाबा ६६ वर्षांचे, राहणार दादर. मागच्या महिन्यात त्यांची एचबीए१सी ६.१ आली. डॉक्टरांनी अजून गोळी दिलेली नाही. खाण्यापिण्यात जे बदल सांगितले, त्यात पहिलाच होता, "रस बंद, फळ खा." बाबांची वर्षानुवर्षांची सवय म्हणजे शिवाजी पार्कला फेऱ्या मारायच्या आणि परत येताना ठरलेल्या गाडीवर मोसंबीचा ग्लास घ्यायचा. बिनसाखरेचा, बिनबर्फाचा, वर थोडं सैंधव. निवृत्त इंजिनिअर असल्यामुळे नुसतं सांगून ते ऐकत नाहीत, मोजून बघतात.

तर त्यांनी मोजलं. एका सकाळी रसाचा ग्लास घेऊन तासाभराने शुगर पाहिली, १४९ आली. दुसऱ्या सकाळी घरी दोन मोसंबी सोलून खाल्ली, तासाभराने १४४. उपाशीपोटी दोन्ही दिवशी १०६ च्या आसपास. आता ते मला वही दाखवून म्हणतात, "साखर तीच, आकडा तोच, मग डॉक्टर कशाला रागावतो?"

मला उत्तर देता आलं नाही. बाबांचं मोजमाप चुकलंय का? की ते खरंच बरोबर आहेत? त्यांना पटेल असं कारण हवंय. "डॉक्टर म्हणाले म्हणून" हे आमच्याकडे चालत नाही.

---

संकेत_फिट | शनिवार, सकाळी ९:४२

मशीन बदला किंवा स्ट्रिप्सची तारीख बघा. असं होणं शक्यच नाही. रस म्हणजे साखरेचं पाणी, फायबर सगळं चोथ्यात जातं. फायबर नसलं की साखर थेट रक्तात, एकदम मोठा स्पाइक. अख्ख्या फळात फायबर साखरेला धरून ठेवतं, म्हणून शुगर वाढतच नाही. मी तीन वर्षं रस बंद केलाय आणि पोटावरची चरबी गेली. काकांना सांगा, फळ कितीही खा, रस थेंबभरही नको.

---

नलिनी_गिरगाव | शनिवार, सकाळी १०:०५

रसाला इतकं वाईट ठरवू नका हो. आमच्या ह्यांना इन्सुलिन चालू आहे. एकदा रात्री त्यांची शुगर ५८ वर आली, अंगाला घाम, बोलणं अडखळायला लागलं. घरात रसाचा छोटा डबा होता, अर्धा कप पाजला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि ते सावरले. तेव्हा मी मोसंबी सोलत बसले असते तर? आमच्या फ्रीजमध्ये तो डबा कायम असतो आणि राहणार.

---

मंजिरी_आहार | शनिवार, दुपारी १२:२०

वृषाली, मी आहारतज्ज्ञ आहे आणि रोज मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं बघते. तुझ्या बाबांचं मशीन बिघडलेलं नाही. त्यांना जे दिसलं ते प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे.

१९७७ साली ब्रिस्टलच्या हेबर, हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा प्रयोग छापला. दहा निरोगी माणसं. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी सफरचंद तीन रूपांत दिलं : अख्खं, गर घोटून, आणि रस. तिन्हींत पचणारी कर्बोदकं बरोबर ६० ग्रॅम. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारख्याच उंचीला गेली. म्हणजे संकेत म्हणतात तसा रसाचा एकदम मोठा स्पाइक आला नाही, आणि फळाने शुगर "वाढतच नाही" असंही झालं नाही.

फरक पडला तो पुढच्या टप्प्यात. रसानंतर इन्सुलिन जास्त वर गेलं, आणि त्यापाठोपाठ साखर झपकन खाली आली, उपाशीपोटीच्या पातळीच्याही खाली. घोटलेल्या गरानंतर तसंच, पण कमी. अख्ख्या सफरचंदानंतर ती घसरण दिसलीच नाही. बाबांनी तासाभराचा एकच आकडा घेतला. तो बहुधा चढाच्या आसपासचा आहे. उतार त्यांनी पाहिलेलाच नाही, आणि इन्सुलिन किती लागलं हे घरच्या मशीनवर कळतच नाही. ज्याचं स्वादुपिंड आधीच जास्त राबतंय त्याच्यासाठी "आकडा तोच, पण तो आणायला कष्ट किती पडले" हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

अजून एक. मोसंबीच्या साखरेत ग्लुकोजइतकंच जवळजवळ फ्रुक्टोज असतं, कारण त्यातली बरीचशी साखर पचताना अर्धी अर्धी फुटते. मशीन फक्त ग्लुकोज मोजतं. फ्रुक्टोज यकृताकडे जातं आणि त्याचा हिशोब वहीत येत नाही. म्हणून गोड रस पिऊनही आकडा "सभ्य" दिसू शकतो.

नलिनीताई, तुमचं अगदी बरोबर आहे. शुगर ७० च्या खाली गेली असेल तेव्हा रस हे औषध आहे, साधारण १५ ग्रॅम साखर आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. तो डबा फ्रीजमधून हलवू नका. तिथे रस उपयोगी पडतो कारण तो पटकन आतड्यात पोचतो. वृषालीच्या बाबांची अडचण उलट आहे, त्यांना घाई नको आहे.

---

संकेत_फिट | शनिवार, दुपारी १२:५१

मग फायबरचा काहीच उपयोग नाही असं म्हणताय का? सगळीकडे तर तेच सांगतात.

---

मंजिरी_आहार | शनिवार, दुपारी १:३०

उपयोग आहे, पण तुम्ही समजता तिथे नाही. दोन सोललेल्या मोसंबींत फायबर किती? पापुद्रे काढून खाल्लीत तर दोन-तीन ग्रॅम. हा आकडा फार मोठा नाही. एक वाटी मटकीच्या उसळीत यापेक्षा बरंच जास्त असतं. नुसत्या ग्रॅमवर सगळा फरक समजावता येत नाही.

महत्त्वाचं आहे ते त्या फायबरने साखर कशी बंद करून ठेवली आहे ते. मोसंबीची फोड उघडून बघा, आत लांबट रसाच्या थैल्या असतात आणि प्रत्येक थैलीत असंख्य पेशी. साखर त्या पेशींच्या पोटात पाण्यात विरघळलेली असते आणि भोवती सेल्युलोज-पेक्टिनची भिंत. दात ती सगळी फोडत नाहीत. जे तुकडे शाबूत राहतात त्यांच्यातून साखर हळूहळू झिरपते. शिवाय जठराच्या खालच्या तोंडातून मोठे तुकडे सहजी पुढे जात नाहीत, एक-दोन मिलिमीटरइतके बारीक होईपर्यंत ते घुसळले जातात. रस मात्र द्रव आहे, त्याला थांबायचं कारण नाही. रस काढणारं यंत्र म्हणजे या सगळ्या भिंती आधीच फोडून देणारा हात.

---

रमाकांत_बोरिवली | शनिवार, दुपारी २:१५

मग सोपं आहे. रसात चमचाभर इसबगोल घालायचं. फायबर परत आलं, पोटही साफ. आमच्याकडे सासरे असंच घेतात. चोथा टाकला तर टाकला, भरपाई झाली.

---

मंजिरी_आहार | शनिवार, दुपारी ३:०५

रमाकांतराव, अर्धं बरोबर आहे. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतं आणि साखर शोषली जाण्याचा वेग ते खरंच कमी करतं. पण पोट भरल्याची जाणीव त्याने परत येईल का, याची मला शंका आहे. २००९ साली अमेरिकेत जेवणाआधी सफरचंद देऊन बघितलं होतं : फोडी, गर, साधा रस, आणि पेक्टिन परत घातलेला रस. फोडी खाणाऱ्यांनी, सफरचंदाचे उष्मांक धरूनसुद्धा, आधी काहीच न खाता जेवलेल्या दिवसाच्या तुलनेत सुमारे १५ टक्के कमी खाल्लं. रसात फायबर परत घालून तृप्ती वाढली नाही. तोडलेली भिंत पूड करून ग्लासात टाकली की ती भिंत राहत नाही.

तिथे इसबगोल नव्हतं, पेक्टिन होतं, हे मान्य. तुमच्या सासऱ्यांना बद्धकोष्ठासाठी उपयोग होत असेल तर जरूर घ्या, मात्र सोबत पाणी भरपूर हवं आणि ग्लास ढवळून लगेच संपवावा, नाहीतर घशात अडकतं.

---

बाळू_रसवंती | शनिवार, सायंकाळी ५:४०

आमचं घाटकोपरला ज्यूसचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. धागा वाचला. मला पोषणातलं कळत नाही, मालातलं कळतं, म्हणून तेवढंच सांगतो.

एका मोठ्या ग्लासाला मोसंबी तीन लागतात, चार लागतात, उन्हाळ्यात माल सुकलेला असला तर पाचसुद्धा. हात-मशीनचा माणूस चोथा दाबून शेवटचा थेंब काढतो आणि वर गाळणी लावतो, कारण गिऱ्हाइकाला ग्लासात रेषा नको असते. दुसरं, बऱ्याच ठिकाणी काउंटरवर चाशनीची बाटली असते. मोसंबी आंबट लागली तर माणूस न विचारता थोडी टाकतो, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. "साधा" म्हटलं की चाशनी नाही असं धरू नका, "चाशनी घालू नका" असं स्पष्ट सांगा आणि समोर उभे राहा. काकांच्या गाडीवर असं होतंय असं मी म्हणत नाही, पण बाबांना विचारायला हरकत नाही.

आमच्याकडे "चोथ्यासकट द्या" मागणारे चार-पाच लोक रोजचे आहेत. त्यांचा ग्लास दुप्पट वेळात संपतो, एवढं मी रोज बघतो.

---

मंजिरी_आहार | शनिवार, सायंकाळी ६:१०

बाळू, हे तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं, कारण इथेच खरी गोष्ट आहे. ब्रिस्टलच्या प्रयोगात लोकांनी आपापल्या चालीने खाल्लं तेव्हा रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने संपला. मग त्यांनी मुद्दाम रस हळूहळू, फळाइतकाच वेळ लावून प्यायला लावला. तरीही रसाने पोट कमी भरलं. म्हणजे वेग हे एक कारण आहे, पण एकटं नाही. चावणं, जठरात तुकडे राहणं, तोंडाला मिळालेलं काम, हे सगळं मिळून मेंदूला "खाल्लं" असं वाटतं.

आणि वृषाली, बाबांच्या प्रयोगातली एक बाजू बघ. त्यांनी दोन मोसंबी आणि एक ग्लास यांची तुलना केली. २५० मिलिलिटर गाळलेल्या रसात साधारण २० ग्रॅम साखर, दोन मध्यम सोललेल्या मोसंबींतही तितकीच. आकडे सारखे येणारच. पण गाडीवरच्या ग्लासात तीन-चार फळं असतात. बाबांना विचार, सकाळी एका बैठकीत चार मोसंबी खाल्ली आहेत का कधी?

त्यांना पुन्हा मोजायचंच असेल तर अशा रीतीने : रसाच्या दिवशी रस घरी काढायचा, फळाच्या दिवशी फळ सोलून वजन करायचं, फेऱ्या दोन्ही दिवशी आधीच उरकायच्या आणि नंतर सारखंच बसायचं, कारण चालण्याने साखर उतरते. शुगर एक, दोन आणि तीन तासांनी बघायची. शिवाय भूक किती लागली ते दहापैकी लिहायचं. मशीनला १५ टक्क्यांपर्यंत चूक माफ असते, म्हणून १४९ आणि १४४ मध्ये काहीही वाचू नका.

---

अद्वैत_आयआयटी | शनिवार, रात्री ९:२५

मंजिरीताई, तुमच्या मांडणीशी सहमत आहे, पण दोन अडचणी नोंदवतो, म्हणजे काकांना खोटी खात्री नको.

पहिली, त्याच ब्रिस्टल गटाने १९८१ मध्ये संत्री आणि द्राक्षं तपासली. संत्र्याचं सफरचंदासारखंच झालं, रसापेक्षा फळाला इन्सुलिन कमी लागलं. द्राक्षांत मात्र उलटं आलं, अख्ख्या द्राक्षांनंतर इन्सुलिन रसापेक्षा जास्त निघालं. म्हणजे प्रत्येक फळाला एकच नियम लागत नाही.

दुसरी, ब्लेंडर. ब्लेंडरमध्ये बारीक केलेल्या फळांवर इंग्लंडमध्ये झालेल्या काही प्रयोगांत, रास्पबेरीसारखी बियांची फळं वाटून घेतली तेव्हा शुगर अख्ख्या फळांपेक्षा कमीच चढली. बिया फुटून त्यांतले घटक बाहेर येतात, असा अंदाज मांडला गेला. पण तो अंदाजच. मग पेरू बियांसकट मिक्सरला लावला तर? चिकूचं काय? मला माहीत नाही, आणि मोसंबीला ते लागू करता येणार नाही.

---

मंजिरी_आहार | शनिवार, रात्री १०:०२

दोन्ही मुद्दे खरे. द्राक्षांचं मलाही नीट उलगडलेलं नाही. ब्लेंडरबद्दल माझं एवढंच म्हणणं, शुगरचा वेग आणि पोट भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वाटलेल्या फळाने पहिली बिघडेलच असं नाही. दुसऱ्या बाबतीत मी अख्ख्या फळाच्याच बाजूने राहीन. आणि लोकसंख्येच्या पातळीवर बघायचं तर, अमेरिकेतल्या तीन मोठ्या अभ्यासगटांचं विश्लेषण २०१३ मध्ये 'बीएमजे'त आलं. त्यात अख्खं फळ, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, जास्त खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी दिसला आणि रस जास्त पिणाऱ्यांत जास्त. द्राक्षं तिथे चांगल्या बाजूला आहेत हे अद्वैतने लक्षात घ्यावं. अर्थात हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. फळं खाणारी माणसं इतर बाबतीतही वेगळी असू शकतात.

---

कुमुद_आजी_मुलुंड | रविवार, सकाळी ७:५५

माझे दात गेले, कवळी नीट बसत नाही. चावणं म्हणजे शिक्षाच. मग मी काय करायचं? मुलगा रोज डाळिंबाचा रस देतो, तेवढंच पोटात जातं.

---

मंजिरी_आहार | रविवार, सकाळी ८:४०

आजी, तुम्ही चावण्याचा हट्ट करू नका. पिकलेली पपई, केळं, चमच्याने खाता येईल असा आंब्याचा गर, ही फळं जिभेने मोडतात आणि अख्खीच राहतात. ब्रिस्टलच्या माणसांतही घोटलेला गर हा रस आणि फळ यांच्या मधे आला होता, म्हणजे मधली पायरी आहेच. तुमचं वजन कमी होत असेल किंवा खाणंच कमी असेल, तर रोजच्या डाळिंबाच्या रसाला मी नाही म्हणणार नाही. तुमच्या बाबतीत पोट लवकर भरणं हीच अडचण असू शकते. मधुमेह आहे का, तेवढं सांगा. आणि कवळी दुरुस्त करून घ्या, ते सगळ्यात आधी.

---

वृषाली_पार्ले | पुढचा रविवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचे आभार. बाबांनी धागा छापून घेतला, खुणा केल्या आणि स्वयंपाकघरातला काटा ताब्यात घेतला.

आधी त्यांनी चार मोसंबींचा रस घरी काढला. बाळूंसारखा दाबून, गाळून. २८० मिलिलिटर निघाला, आणि तो प्यायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. तासाने १५१, दोन तासांनी ११२, तीन तासांनी ८८. भुकेला दोन तासांनीच दहापैकी सात दिले आणि पोहे मागून घेतले (तिसऱ्या तासाचं मोजून होईपर्यंत आईने थांबवलं).

मग चार मोसंबी खायची पाळी आली. वजन करून ताटात घेतली. दोन आरामात गेली. तिसरी अर्धी झाल्यावर बाबांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "आता नको." आईने आग्रह केला, प्रयोग आहे ना म्हणून, तरी नाही. अडीच मोसंबीला त्यांना वीस मिनिटं लागली. तासाने १४६, दोन तासांनी ११९, तीन तासांनी १०१. तीन तासांनंतरही भूक चारच.

बाबांनी वहीत लिहिलं ते देते, कारण ते मला महत्त्वाचं वाटलं : "तुलना सारख्या साखरेची करायला निघालो, पण सारखी साखर खाताच आली नाही."

---

मंजिरी_आहार | रविवार, दुपारी १२:४५

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. त्या एका वाक्यात डॉक्टरांच्या सल्ल्याचं कारण आलं आहे.

एक सावधगिरी. ८८ आणि १०१ हा फरक मशीनच्या चुकीच्या हद्दीत मोडतो, आणि दोन्ही दिवशी साखरेचं प्रमाणही वेगळं झालं. म्हणून "रसाने साखर कोसळली" असं या वहीतून सिद्ध होत नाही. ८८ हा चांगला आकडा आहे, घाबरायचं नाही. मला भरवसा वाटतो तो थांबलेल्या हाताचा आणि भुकेच्या आकड्याचा. चार फळं पाहिजे तेव्हा पिता येतात, खाता येत नाहीत.

---

संकेत_फिट | रविवार, दुपारी १:२०

म्हणजे मी म्हणत होतो तेच, रस वाईट.

---

मंजिरी_आहार | रविवार, दुपारी १:४४

निष्कर्ष जवळचा, कारण वेगळं. आणि "फळ कितीही खा" हे मात्र मागे घ्या. सीझनला एका बैठकीत चार हापूस खाणारे माझे रुग्ण आहेत, आणि हापूस मोसंबीसारखा माणसाला थांबवत नाही.

---

वृषाली_पार्ले | रविवार, सायंकाळी ६:०५

बाबांनी मधला मार्ग काढलाय. फेऱ्या झाल्यावर गाडीवरूनच एक मोसंबी विकत घेतात आणि तिथल्या बाकावर सोलून खातात. गाडीवाल्याने पैसे कमी घेतले नाहीत, पण सैंधवाची पुडी देतो. नलिनीताई, रसाचा छोटा डबा मी आईच्या फ्रीजमध्ये ठेवला नाही, कारण बाबांना शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन नाही. पुढे कधी सुरू झालं तर ठेवीन.

पापुद्र्याचा प्रश्न राहिला. बाबा प्रत्येक फोडीचा पापुद्रा काढून नुसता गर खातात, आई सालीआतला पांढरा भागसुद्धा सोडत नाही. मंजिरीताई, पापुद्र्यासकट खाल्लं तर काही जास्त मिळतं का?

---

मंजिरी_आहार | रविवार, रात्री ८:३०

मिळतं. पेक्टिन मुख्यतः त्या पांढऱ्या भागात आणि पापुद्र्यातच असतं, आई बरोबर करते. पण त्यासाठी बाबांशी भांडू नकोस. थैल्या चावून खाल्ल्या जातायत तोवर त्यांना बरंच मिळतंय. पापुद्रा कडू लागला तर ते परत गाडीवर ग्लास मागतील.

---

बाळू_रसवंती | रविवार, रात्री ९:१०

कडू लागू नये म्हणून जाड, खडबडीत सालीचं फळ घेऊ नका. हातात घेऊन बघा, पातळ आणि गुळगुळीत सालीचं, आकाराच्या मानाने जड वाटलं पाहिजे. त्यात रस जास्त आणि पांढरा भाग कमी असतो. आणि काकांनी सोलून झाल्यावर साली बाकाखाली टाकू नयेत, गाडीवाल्याकडे टोपली असते.